पैसे जमा, ऑर्डर थकीत : क्यूआर पेमेंटच्या चुकलेल्या खबरीची रुजवात

क्यूआर कोड स्कॅन करून दिलेले पैसे आणि ते पैसे मिळाल्याची खबर या दोन्ही गोष्टी दुकानदारापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येतात. बहुतेक वेळा दोन्ही काही सेकंदांत पोहोचतात, त्यामुळे त्या एकच आहेत असे वाटते. पण कधी पैसे जमा होतात आणि खबर तासाभराने येते. कधी ती येतच नाही. तोवर दुकानाच्या संगणकाने ऑर्डरवर ‘पैसे भरले नाहीत’ असा शेरा मारलेला असतो, माल पुन्हा विक्रीला खुला झालेला असतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आलेला असतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. हा पेच सोडवण्याची रीत ठरलेली आहे आणि तिचा पाया एकच आहे : ‘भरले नाहीत’ हा शेरा वेळ संपल्याचा असतो, पैसे आले नाहीत याचा तो पुरावा नसतो.

पैसा आणि खबर यांचा प्रवास

भारतात अशी देवघेव प्रामुख्याने यूपीआयवर चालते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था २०१६पासून ती व्यवस्था चालवते. ग्राहक कोड स्कॅन करून पिन टाकतो तेव्हा त्याच्या अ‍ॅपकडून विनंती एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआय आधी ग्राहकाच्या बँकेला रक्कम कापायला सांगते. बँकेने ‘कापली’ असे उत्तर दिले की मग दुकानदाराच्या बँकेला ती जमा करायला सांगितले जाते. दुकानदाराच्या बँकेचे ‘जमा केली’ हे उत्तर परत आले की व्यवहार यशस्वी ठरतो आणि ते ग्राहकाच्या अ‍ॅपला कळवले जाते.

या क्रमातला महत्त्वाचा भाग म्हणजे कापणे आधी आणि जमा होणे नंतर घडते. ग्राहकाच्या बँकेचा एसएमएस पहिल्या पायरीनंतरच निघू शकतो. त्यामुळे पैसे कापल्याचा मेसेज खरा असूनही ते दुकानदाराला मिळालेले नसतील, अशी वेळ येऊ शकते.

दुकानदाराकडे येणाऱ्या खबरीची वाट याहून वेगळी आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानाचा बँकेशी थेट संबंध क्वचितच असतो. मध्ये पेमेंट गेटवे म्हणून ओळखली जाणारी कंपनी असते. व्यवहार पूर्ण झाला की दुकानदाराची बँक गेटवेला कळवते आणि गेटवे दुकानाच्या सर्व्हरला एक संदेश धाडतो. त्या संदेशात ऑर्डरची खूण, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि संदेश अस्सल असल्याची डिजिटल सही असते. दुकानाने ‘मिळाला’ असे उत्तर दिले नाही तर गेटवे तोच संदेश थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो.

खबर अडते कुठे?

पहिली जागा बँकांमधली. दुकानदाराच्या बँकेकडे जमा करण्याची सूचना जाते, पण तिचे उत्तर ठरलेल्या सेकंदांत परत येत नाही. बँकेने रक्कम जमा करून उत्तर पाठवायला उशीर केला, की तिच्याकडून जमाच झाली नाही, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. ग्राहकाच्या अ‍ॅपवर अशा वेळी ‘प्रक्रिया सुरू आहे’ किंवा ‘पेंडिंग’ दिसते. पुढे दुकानदाराच्या बँकेला आपली वही तपासून दोनपैकी एक गोष्ट करावी लागते : रक्कम जमा झाल्याची कबुली देणे किंवा रक्कम परत पाठवणे. यात काही मिनिटे जातात, कधी काही तास आणि काही वेळा एखादा दिवसही.

दुसरी जागा गेटवे आणि दुकान यांच्यामधली. दुकानाचा सर्व्हर बंद असतो, सणासुदीच्या गर्दीत तो वेळेवर उत्तर देत नाही, किंवा वेबसाइट बदलताना संदेश घेण्याचा पत्ता बदललेला असतो आणि गेटवेकडे जुनाच पत्ता राहून गेलेला असतो. पत्ता चुकला असेल तर कितीही वेळा पाठवला तरी संदेश पोहोचत नाही. या बिघाडाची खूण सोपी आहे : एखाददुसरी ऑर्डर अडकत नाही, तर एका ठरावीक वेळेनंतरच्या सगळ्याच ऑर्डरी थकीत दिसू लागतात.

तिसरी जागा दुकानाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली आणि शोधायला सर्वांत अवघड तीच. संदेश पोहोचतो, सही जुळते, पण संगणक पाहतो की ही ऑर्डर आधीच बंद झालेली आहे. बंद ऑर्डरीवर पैसे घ्यायचे नाहीत असा नियम कोणीतरी लिहून ठेवलेला असतो. सॉफ्टवेअर गेटवेला ‘मिळाला’ असे उत्तर देते आणि संदेश टाकून देते. गेटवेच्या लेखी काम पूर्ण झालेले असते, त्यामुळे तो पुन्हा पाठवत नाही. खबर आली नाही अशी तक्रार होते तेव्हा बरेचदा ती आलेली असते आणि दारातूनच परत फिरलेली असते.

वेळ संपली तरी कोड जिवंत

दुकानाच्या पानावर कोडखाली पाच मिनिटांचे उलटे घड्याळ चालताना दिसते. ते शून्यावर आले की ऑर्डर थकीत ठरते. असे घड्याळ ठेवण्यामागे रास्त कारण असते. एकाच्या नावाने अडवलेला माल किती वेळ रोखून धरायचा याला मर्यादा हवी. पण त्या घड्याळाने कोड मरतोच असे नाही. यूपीआयचा कोड म्हणजे मुळात एक ओळ असते :

```
upi://pay?pa=amba@examplebank&pn=Amba&tr=HA4417A&am=2400.00&cu=INR
```

यात `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `am` म्हणजे रक्कम आणि `tr` म्हणजे दुकानाने त्या ऑर्डरीला दिलेली खूण. या ओळीत मुदतीचा उल्लेखच नाही. पान बंद झाले तरी कोणी त्या कोडचा फोटो काढून ठेवला असेल, तर तो तासाभराने स्कॅन केला तरी पैसे जातात. कोडला खरी मुदत लावायची असेल तर ती कोडमध्येच घालावी लागते किंवा गेटवेकडे तो कोड बंद करावा लागतो. हे केलेले असले तरीही मुदतीच्या शेवटच्या सेकंदांत पिन टाकणारा ग्राहक असतोच आणि त्याच्या पैशांची खबर मुदत संपल्यावरच येणार. म्हणून उशिरा येणारी खबर हा अपवाद न समजता तिच्यासाठी आधीपासून जागा ठेवावी लागते.

ती जागा म्हणजे ऑर्डरीची मधली अवस्था. घड्याळ संपले की ऑर्डर लगेच ‘रद्द’ होता कामा नये. ती ‘मुदत संपली, तपास बाकी’ अशा कप्प्यात जायला हवी. माल मोकळा करायचा असेल तर करावा, पण ऑर्डरीची नोंद आणि तिची खूण उघडी राहिली पाहिजे. या कप्प्यातून ऑर्डर तीन दिशांनी बाहेर पडू शकते. पैसे आल्याचे ठरले तर ‘उशिरा भरली’, व्यवहार फसल्याचे ठरले तर ‘रद्द’ आणि पैसे परत दिले तर ‘परतावा’. ‘रद्द’ झाल्यावरही पैसे आल्याची खबर आली, तर ती नोंदवण्याची सोय हवीच.

खबरीची वाट न पाहता विचारणे

गेटवेचा संदेश आला नाही तर दुकानाने स्वतः गेटवेला त्या खुणेच्या व्यवहाराची स्थिती विचारावी. उत्तर तीन प्रकारचे असते : यशस्वी, फसला, प्रलंबित. यांपैकी प्रलंबित या उत्तराचा अर्थ चुकीचा लावला जातो तेव्हा निम्मा घोळ होतो. प्रलंबित म्हणजे फसला नव्हे. असे उत्तर आले की ऑर्डर तपासाच्या कप्प्यातच ठेवायची आणि काही वेळाने पुन्हा विचारायचे.

मात्र दर सेकंदाला विचारत बसणेही योग्य नाही. अशा चौकशांचा भार शेवटी बँकांवर आणि एनपीसीआयवर पडतो. त्यामुळे एनपीसीआयने ऑगस्ट २०२५पासून यूपीआय अ‍ॅपवर अडकलेल्या व्यवहाराची स्थिती विचारण्यावर मर्यादा घातली : जास्तीत जास्त तीन वेळा आणि दोन चौकशांमध्ये किमान ९० सेकंदांचे अंतर. दुकानासाठीही वाढत्या अंतराची चौकशी सोयीची ठरते. आधी दोन मिनिटांनी, मग दहा, मग तासाने, आणि त्यानंतर दिवसअखेरच्या रुजवातीत.

एका पेटीची गोष्ट, मिनिटामिनिटाने

समजा, देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकतो. दोन डझनांची पेटी २,४०० रुपयांची, आणि त्या दिवशी पाठवायच्या पेट्या मोजक्याच. संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी ठाण्यातल्या एका ग्राहकासाठी ऑर्डर क्रमांक ४४१७ तयार होते. कोडची खूण HA4417A, मुदत पाच मिनिटे.

ग्राहक ७:४४ला पिन टाकतो. काही सेकंदांत बँकेचा मेसेज येतो : २,४०० रुपये कापले. अ‍ॅपवर मात्र ‘पेंडिंग’ असते, कारण बागायतदाराच्या बँकेचे उत्तर अडकलेले आहे. ७:४५ला घड्याळ संपते. ऑर्डर थकीत ठरते, पेटी पुन्हा विक्रीला येते. ७:४७ला दुकानाचे सॉफ्टवेअर स्थिती विचारते आणि उत्तर मिळते, प्रलंबित. ७:५०ला अस्वस्थ झालेला ग्राहक दुसरी ऑर्डर नोंदवतो, क्रमांक ४४१८, खूण HA4418A. या वेळी पैसे लगेच जातात, खबर लगेच येते आणि पेटी त्याच्या नावावर होते. ८:०५ला शेवटची पेटी नाशिकच्या ग्राहकाला विकली जाते. ९:१२ला गेटवेचा संदेश येतो : HA4417A, २,४०० रुपये, यशस्वी.

आता बागायतदाराच्या खात्यात एकाच ग्राहकाचे ४,८०० रुपये आहेत, वहीत एकच ऑर्डर भरलेली आहे आणि देण्यासाठी पेटी उरलेली नाही. सॉफ्टवेअरने ९:१२चा संदेश टाकून दिला असता तर दुसऱ्या दिवशी हिशेबात २,४०० रुपये जास्त निघाले असते आणि ते कोणाचे हे कोणालाच ठाऊक नसते. संदेशाने ऑर्डर डोळे झाकून ‘भरली’ केली असती तर नसलेल्या पेटीची पाठवणी ठरली असती. दोन्ही टाळायचे तर संदेश नोंदवायचा आणि निर्णय वेगळा घ्यायचा.

पैसे आले ही नोंद तत्काळ आणि बिनशर्त होते. पुढे काय करायचे हे मात्र तीन प्रश्नांवर ठरते. माल शिल्लक आहे का? भाव तोच आहे का? याच ग्राहकाने याच मालासाठी दुसऱ्यांदा पैसे भरले आहेत का? माल आहे, भाव तोच आहे आणि दुसरी ऑर्डर नाही, तर ऑर्डर पुन्हा उभी करून माल पाठवावा. ग्राहकाला हवे असते तेच त्याला मिळते. देवगडच्या उदाहरणात दुसरी ऑर्डर आहे आणि पेटीही संपलेली आहे. ग्राहकाला एक फोन करून ‘दोन पेट्या हव्या होत्या का?’ एवढे विचारले की चित्र स्पष्ट होते. त्याला एकच हवी होती, म्हणून ४४१७चे पैसे परत. त्याला दोन हव्या असत्या, तर पुढच्या तोडणीची तारीख सांगून त्याची मर्जी विचारता आली असती.

नोंद कोणाची, हे कशावरून ठरवायचे?

वरच्या उदाहरणात दोन्ही व्यवहार २,४०० रुपयांचे, एकाच ग्राहकाचे आणि सहा मिनिटांच्या अंतराचे आहेत. रक्कम आणि नाव पाहून जुळणी केली असती तर कोणते पैसे कोणत्या ऑर्डरीचे, हे ठरलेच नसते. म्हणून जुळणी खुणेवरून करायची. `tr` ही दुकानाने दिलेली खूण ग्राहकाच्या अ‍ॅपमधून बँकेपर्यंत जाते आणि अहवालात परत येते. एका ऑर्डरीसाठी दुसरा कोड काढावा लागला तर खूणही बदलावी, जसे HA4417A नंतर HA4417B, म्हणजे कोणत्या प्रयत्नाचे पैसे आले हे कळते.

दुसरी ओळख म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. बँका त्याला आरआरएन म्हणतात. अ‍ॅपवर तो यूपीआय संदर्भ क्रमांक किंवा यूटीआर म्हणून दिसतो. हा क्रमांक ग्राहकाच्या आणि दुकानदाराच्या अशा दोन्ही बाजूंच्या नोंदीत एकच असतो. त्यामुळे वाद झाला तर दोघांनी आपापल्या बँकेत तोच क्रमांक दाखवता येतो. वहीत प्रत्येक जमेसमोर खूण आणि आरआरएन दोन्ही लिहावेत आणि एक आरआरएन एकाच ऑर्डरीला लागेल अशी अट सॉफ्टवेअरमध्ये घालावी. तोच संदेश गेटवेकडून दोनदा आला तरी मग पैसे दोनदा जमा धरले जात नाहीत. दुसऱ्या वेळी ‘नोंद आहे’ एवढेच उत्तर जाते.

दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या छापील कोडची अडचण इथेच आहे. तो सगळ्यांसाठी एकच असतो, त्यात ऑर्डरीची खूणही नसते आणि रक्कमही नसते. साउंडबॉक्स मोठ्याने रक्कम सांगतो, पण ती कोणत्या गिऱ्हाइकाची हे सांगत नाही. अशा ठिकाणी रक्कम, वेळ आणि पैसे देणाऱ्याचे नाव यांवरच भिस्त ठेवावी लागते. चहाच्या टपरीवर एवढे पुरते, कारण गिऱ्हाईक समोर उभे असते. ऑर्डर फोनवर घेऊन तोच छापील कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्यांना मात्र ते पुरत नाही. गेटवे न घेता यातून वाट काढणारे काही छोटे विक्रेते प्रत्येक ऑर्डरीची रक्कम काही पैशांनी वेगळी ठेवतात, एकाला ४५०.०७, दुसऱ्याला ४५०.०८. रक्कम हीच मग खूण बनते. दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरींपर्यंत ही युक्ती चालते. पुढे आकडे पुन्हा पुन्हा येऊ लागतात, आणि ग्राहकाने रक्कम पूर्णांकात भरली की खूणच पुसली जाते.

दिवसअखेरची रुजवात

येणारे संदेश आणि केलेल्या चौकशा कितीही नीट असल्या तरी काही खबरी निसटतातच. त्या पकडण्यासाठी दिवसातून एकदा तीन याद्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. पहिली दुकानाची ऑर्डर-वही. दुसरी गेटवेचा व्यवहारवार अहवाल, ज्यात प्रत्येक पेमेंट वेगळ्या ओळीत असते. तिसरी दुकानाच्या बँक खात्याचा उतारा.

ऑर्डर-वही थेट बँकेच्या उताऱ्याशी जुळवायला गेले की गोंधळ होतो. गेटवे सहसा दिवसभराचे पैसे एकत्र करून एकाच रकमेने खात्यात टाकतो, बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी. त्या रकमेतून त्याचे शुल्क आणि दिलेले परतावे वजा झालेले असतात. म्हणून रुजवात दोन टप्प्यांत करायची. आधी ऑर्डर-वही आणि गेटवेचा अहवाल खुणेवरून, एकेक ओळ घेऊन. नंतर गेटवेच्या अहवालाची बेरीज आणि बँकेत आलेली एकरकमी जमा.

पहिल्या टप्प्यात चार प्रकारच्या ओळी निघतात. दोन्हीकडे ‘भरली’ असलेल्या ओळी बाजूला काढायच्या. त्यांत पाहायचे काही उरत नाही. गेटवेकडे ‘यशस्वी’ आणि वहीत ‘थकीत’ अशा ओळी म्हणजे चुकलेल्या खबरी, आणि संपूर्ण रुजवात मुख्यतः त्यांच्यासाठीच असते. वहीत ‘भरली’ पण गेटवेकडे काहीच नाही, अशी ओळ सर्वांत गंभीर, कारण पैसे न येता माल गेलेला असतो. एक तर कोणीतरी हाताने शेरा बदललेला असतो किंवा बनावट संदेश स्वीकारला गेलेला असतो. आणि शेवटी, गेटवेकडे पैसे आहेत पण खूण कोणत्याच ऑर्डरीशी जुळत नाही अशा ओळी. त्या ‘धनी सापडायचा आहे’ अशा वेगळ्या खात्यात ठेवायच्या आणि विक्रीत धरायच्या नाहीत. हे पैसे दुकानाकडे फक्त ठेव म्हणून असतात.

देवगडच्या बागेत दुसऱ्या दिवशी ही रुजवात केली तर HA4417A ही ओळ दुसऱ्या प्रकारात निघेल, ९:१२चा संदेश हरवलेला असला तरीही. संदेश लवकर कळण्यासाठी असतो. हिशेब शेवटी अहवालावरच ठरतो.

तारखेचाही एक फेरा लक्षात ठेवावा लागतो. रात्री ११:५८ला टाकलेल्या पिनची कबुली १२:०३ला आली तर ऑर्डर एका तारखेची आणि पैसे दुसऱ्या तारखेचे होतात. रोजचा हिशेब मध्यरात्रीच्या रेषेवर कापला तर अशा ओळी आज कमी आणि उद्या जास्त दिसतात. त्यामुळे रुजवात करताना आदल्या दिवसाच्या न जुळलेल्या ओळी नेहमी सोबत घ्यायच्या आणि ओळ किती दिवस पडून आहे हे तिच्यासमोर लिहायचे. एक दिवसाची ओळ बहुधा आपोआप जुळते. तीन दिवसांच्या ओळीबद्दल गेटवेला आरआरएन देऊन विचारणा करावी.

परत द्यायचे पैसे आणि बँकेचा उलटा व्यवहार

अडकलेल्या पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९चे परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, ग्राहकाच्या खात्यातून ते कापले गेले, पण दुकानदाराकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम ग्राहकाला आपोआप परत मिळाली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई द्यायची, तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारात रक्कम कापली जाऊन समोरच्याच्या खात्यात जमा झाली नसेल, तर हीच मुदत एक दिवसाची आहे. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे आहेत.

या मुदतीतून दुकानदारासाठी दोन सावधगिरीचे नियम निघतात. पहिला म्हणजे प्रलंबित व्यवहारावर माल सोडायचा नाही. ग्राहकाचे पैसे खरोखर कापलेले असले तरी दुकानदाराच्या बँकेने ती रक्कम परत पाठवली, तर माल गेलेला असेल आणि पैसेही ग्राहकाकडे परतलेले असतील.

दुसरा नियम परताव्याचा. ग्राहक चिडलेला असतो, दुकानदार भला असतो आणि तो आपल्या अ‍ॅपवरून लगेच २,४०० रुपये ग्राहकाला पाठवून देतो. दोन दिवसांनी बँक मूळ व्यवहार उलटवते आणि ग्राहकाला तेच पैसे दुसऱ्यांदा मिळतात. ते परत मागणे अवघड जाते, कारण दोन्ही व्यवहार कागदावर स्वतंत्र दिसतात. म्हणून परताव्याआधी मूळ रक्कम गेटवेच्या अहवालात ‘यशस्वी’ आहे याची खात्री करायची, आणि परतावा नव्याने पैसे पाठवून न देता गेटवेवरून मूळ व्यवहाराच्या नावानेच करायचा. मग परताव्याची ओळ मूळ खुणेशी बांधलेली राहते आणि एका व्यवहाराच्या रकमेपेक्षा जास्त परतावा निघू शकत नाही. देवगडच्या उदाहरणात ९:१२नंतर HA4417A यशस्वी ठरलेला असल्याने परतावा बिनधोक देता येतो. ७:५०ला तो दिला असता तर धोका होता.

ग्राहकाला काय सांगायचे हेही यावरूनच ठरते. ‘तुमचे पैसे आले नाहीत’ हे उत्तर अपुरे आहे. व्यवहार प्रलंबित असेल तर ‘तुमच्या बँकेने पैसे कापले आहेत, आमच्या बँकेची कबुली यायची आहे, ती आली तर माल किंवा परतावा देऊ, नाही आली तर मुदतीत पैसे तुमच्या खात्यात परत येतील, तोवर पुन्हा पैसे भरू नका’ एवढे सांगावे. ४४१८ क्रमांकाची दुसरी ऑर्डर या एका वाक्याने टळली असती. थकीत ऑर्डरीच्या पानावरच हा मजकूर दिसायला हवा, कारण दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा निर्णय ग्राहक पहिल्या काही मिनिटांत घेतो.

स्क्रीनशॉट पुरावा ठरत नाही

खबर आली नाही की ग्राहक ‘पेमेंट सक्सेसफुल’चा स्क्रीनशॉट पाठवतो. तो खरा असू शकतो, पण चित्रातला आकडा आणि तारीख बदलणे सोपे आहे, आणि यशस्वी पेमेंटचा हुबेहूब पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅपही फिरत असतात. स्क्रीनशॉटचा उपयोग एवढाच की त्यातून आरआरएन मिळतो. तो गेटवेच्या अहवालात किंवा स्वतःच्या खात्याच्या उताऱ्यात शोधावा. सापडला, रक्कम जुळली आणि तो आधी कोणत्या ऑर्डरीला लावलेला नाही हे दिसले, तरच ऑर्डर भरलेली धरावी. शेवटची अट विसरली गेली तर एकच खरा व्यवहार दाखवून दोन ऑर्डरींचा माल नेता येतो. आरआरएन सापडला नाही तर नकार न देता ऑर्डर तपासाच्या कप्प्यात ठेवावी आणि ग्राहकाला त्याच्या अ‍ॅपमधल्या त्या व्यवहाराखालून तक्रार नोंदवायला सांगावे. ती तक्रार आरआरएनसह त्याच्या बँकेपर्यंत पोहोचते.

तपासाच्या कप्प्यातली ऑर्डर कायमची उघडी ठेवण्याचीही गरज नसते. पाच दिवसांची मुदत उलटली, गेटवेच्या अंतिम अहवालात व्यवहार ‘फसला’ दिसला किंवा दिसलाच नाही, आणि बँकेच्या उताऱ्यातही ती रक्कम नाही, की ऑर्डर रद्द करून कप्पा बंद करता येतो. तेव्हाचा ‘पैसे भरले नाहीत’ हा शेरा तिन्ही याद्या पाहून मारलेला असतो, म्हणून तो हिशेबात टिकतो.